आई-वडिलांचा मृत्यूचा दाखला ऑनलाइन काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं एका नेहमीच्या प्रसंगाला धरून लिहिली आहेत. आई कराड तालुक्यातल्या गावची. शेवटचे काही महिने उपचारांसाठी मुलाकडे पुण्यात होती आणि पुण्यातल्याच एका खासगी हॉस्पिटलमध्ये वारली. आधार कार्डावर तिचं नाव ‘सुमन’, गावच्या सातबाऱ्यावर ‘सुमनबाई’. अशा वेळी दाखला कुठून, कोणी आणि कशाच्या आधारे काढायचा, हे एकेक करून पाहू.

हॉस्पिटलमध्ये मृत्यू झाला, तर ऑनलाइन अर्ज आम्ही करायचा का?

नोंदणीचा अर्ज तुम्ही करायचा नसतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ नुसार हॉस्पिटलमध्ये झालेला मृत्यू निबंधकाला, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवण्याची जबाबदारी हॉस्पिटलच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याची किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाची आहे. हॉस्पिटलकडे केंद्र सरकारच्या नागरी नोंदणी पोर्टलचं वेगळं लॉगिन असतं. तिथला रेकॉर्ड विभाग मृत्यूची माहिती भरतो, तिच्यासोबत मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र जोडतो आणि सगळं निबंधकाकडे पाठवतो. निबंधकाने ते तपासून मान्य केलं की नोंदणी क्रमांक पडतो आणि मग दाखला निघतो.

बरेच जण इथेच गोंधळतात. दाखला हवा म्हणून पोर्टलवर स्वतःचं खातं उघडतात आणि मृत्यूची माहिती नव्याने भरून टाकतात. हॉस्पिटलने नोंद आधीच पाठवलेली असेल तर एकाच मृत्यूच्या दोन नोंदी तयार होतात आणि निबंधक दोन्ही अडकवून ठेवतात. म्हणून आधी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात जा आणि नोंद पाठवली का, कोणत्या तारखेला पाठवली, पोर्टलवरचा अर्ज क्रमांक काय, एवढं विचारून घ्या. तो क्रमांक हातात असला की पुढची सगळी विचारपूस सोपी होते.

घरी मृत्यू झाला असेल, तर मात्र कळवण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची किंवा घरातल्या जवळच्या नातेवाइकाची असते. तेव्हा पोर्टलवर सर्वसामान्य नागरिकांसाठी असलेलं खातं तुमच्या उपयोगाचं आहे.

आई कराडची, मग दाखला कराडला मिळेल की पुण्याला?

पुण्याला. नोंद नेहमी मृत्यू जिथे घडला तिथल्या निबंधकाकडे होते. माणूस मूळचा कुठला, मतदान कुठे करायचा, अंत्यसंस्कार कुठे झाले, याचा त्या ठिकाणाशी संबंध नाही. देह गावी नेऊन तिथे अग्नी दिला तरी नोंद पुणे महापालिकेतच होणार. गावच्या ग्रामपंचायतीने माणुसकीपोटी तिथेही नोंद करून दिली, तर ती नियमाला धरून नसते. शिवाय दोन दाखल्यांवर मृत्यूचं ठिकाण वेगवेगळं दिसलं की बँक आणि पेन्शन कार्यालय दोन्ही दाखले बाजूला ठेवतात.

गावाचा उल्लेख दाखल्यावर येतोच. त्यावर दोन पत्ते असतात, एक मृत्यूसमयीचा आणि दुसरा कायमचा. आपल्या उदाहरणात पहिल्यात मुलाचा पुण्यातला पत्ता जाईल आणि दुसऱ्यात गावचा. हॉस्पिटलच्या काउंटरवर घाईत दोन्हीकडे एकच पत्ता लिहिला जातो. गावी वारसनोंद करायची असेल तर गावचा पत्ता दाखल्यावर असलेला बरा, म्हणून तो आठवणीने सांगा.

प्रवासात, गाडीतच मृत्यू झाला, तर गाडी जिथे पहिल्यांदा थांबली ते ठिकाण नोंदीसाठी धरतात.

हॉस्पिटलमधून निघण्याआधी नेमकं काय पाहायचं?

हे उत्तर सगळ्यात जपून वाचा. दाखला पोर्टलवरून डाउनलोड होतो खरा, पण त्यातला मजकूर ठरतो तो हॉस्पिटलच्या काउंटरवर. तिथे तुमच्याकडून मृत्यूच्या माहितीचा फॉर्म भरून घेतात. सरकारी भाषेत तो फॉर्म २. घरचं माणूस नुकतंच गेलेलं असतं, रुग्णवाहिका खाली उभी असते, नातेवाइकांचे फोन चालू असतात, आणि कोणीतरी कागद पुढे करून ‘इथे सही करा’ म्हणतं. त्या सहीआधी पाच मिनिटं मागून घ्या. शक्य असेल तर जरा सावरलेल्या माणसाला, जावयाला किंवा पुतण्याला, आधार कार्ड देऊन त्या काउंटरवर बसवा.

फॉर्मचे दोन भाग असतात. पहिल्या, कायदेशीर भागात मृत्यूची तारीख, मयताचं नाव, लिंग, वय, आईचं नाव, वडिलांचं नाव, पतीचं किंवा पत्नीचं नाव, दोन पत्ते, मृत्यूचं ठिकाण आणि माहिती देणाऱ्याचं नाव, पत्ता व सही असते. दाखल्याचा मजकूर याच भागातून उचलला जातो. दुसरा भाग आकडेवारीसाठी आहे. त्यात धर्म, व्यवसाय, कोणते उपचार मिळाले, तंबाखू, सुपारी, धूम्रपान किंवा मद्य यांची सवय होती का आणि किती वर्षं, असे प्रश्न येतात. हे प्रश्न ऐकून घरचे दुखावतात, काही जण संतापतात. पण यातलं काहीच दाखल्यावर छापलं जात नाही, त्यामुळे खरं काय ते सांगायला हरकत नाही.

पहिल्या भागात तीन जागा हमखास चुकतात. पहिली जागा मयताच्या नावाची, कारण दाखल करताना केसपेपरवर जे नाव पडलं तेच पुढे सरकत जातं. दुसरी आईच्या नावाची. इथे मयताची आई विचारलेली असते, म्हणजे तुमची आजी. मुलं भरताना स्वतःच्या आईचं नाव लिहून बसतात. तिसरी जागा तारखेची. रात्री पावणेबाराला मृत्यू झाला आणि देह पहाटे ताब्यात मिळाला, तर डेथ समरीवर एक तारीख आणि स्मशानभूमीच्या पासवर दुसरी असते. डॉक्टरांनी मृत्यू घोषित करताना लिहिलेली तारीख नोंदीत गेली पाहिजे.

‘माहिती देणारा’ म्हणून कोणाचं नाव द्यावं? पुढे तोच वारस ठरतो का?

नाही, आणि या गैरसमजातून भावंडांमध्ये विनाकारण कटुता येते. माहिती देणारा म्हणजे फक्त मृत्यूची माहिती देऊन नोंदीवर सही करणारा माणूस. त्याचं नाव नोंदवहीत राहतं, दाखल्यावर येत नाही. वारसाहक्काशी त्याचा काडीचा संबंध नाही. धाकट्याने सही केली म्हणून थोरल्याचा हिस्सा कमी होत नाही, आणि लेकीने केली म्हणून कोणाला हरकत घेता येत नाही.

तरीही नाव विचार करून द्या, ते कामाच्या सोयीसाठी. मोबाइल क्रमांक ज्याचा दिला त्याच्याकडे निरोप जातात, आणि पुढे दुरुस्ती निघाली तर निबंधक आधी त्यालाच विचारतात. म्हणून परदेशी परतणाऱ्या भावापेक्षा इथे राहणाऱ्या, आईच्या माहेरची-सासरची नावं माहीत असलेल्या बहिणीचं नाव असलेलं चांगलं. स्वतःचं नावही ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. हॉस्पिटलमधली नोंद असेल तर कधी कधी हॉस्पिटलचा कर्मचारीच माहिती देणारा म्हणून दाखवलेला असतो. त्यात गैर काही नाही, पण मजकूर तुम्हाला दाखवूनच पाठवा, असा आग्रह धरा.

नोंद झाल्यावर माहिती देणाऱ्याला दाखला द्यायचा असतो, असं कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही देता येतो. ही दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे.

हॉस्पिटलकडून कोणकोणते कागद घ्यावेत?

मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत आणि डेथ समरी, हे दोन तर घ्याच. हॉस्पिटलमधल्या मृत्यूसाठी हे प्रमाणपत्र फॉर्म ४ वर देतात. घरी मृत्यू झाला असेल तर शेवटच्या आजारात उपचार करणारे डॉक्टर ते फॉर्म ४अ वर देतात. मूळ प्रमाणपत्र निबंधकाकडे जातं, पण त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची असते, आणि त्यासाठी पैसे आकारायचे नसतात.

ही प्रत जपून ठेवा. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण छापत नाहीत, तशी कायद्यातच मनाई आहे. विमा कंपनीला मात्र कारण हवं असतं. तेव्हा दाखल्यासोबत हे प्रमाणपत्र आणि डेथ समरी लावावी लागते. दाखल्यात कारण नाही म्हणून तो सदोष आहे, असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे.

केसपेपरच्या प्रती नंतरही मागता येतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे असतात आणि रुग्णाच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्यास ७२ तासांत द्यायचे असतात. अर्ज लेखी करा, त्यावर आयपीडी नंबर, दाखल झाल्याची आणि मृत्यूची तारीख लिहा आणि पोच घ्या. आयपीडी नंबर बिलावर असतो, म्हणून बिलही टाकून देऊ नका.

रुग्ण हॉस्पिटलला पोचण्याआधीच गेला असेल तर?

अशा वेळी हॉस्पिटल केसपेपरवर ‘ब्रॉट डेड’ लिहितं. उपचारच झालेले नसतात, त्यामुळे कारणाचं प्रमाणपत्र हॉस्पिटलकडून आपोआप मिळेल, असं धरून चालू नका. संशयास्पद वाटलं किंवा अपघात असेल तर पोलिसांना कळवलं जातं, पंचनामा आणि शवविच्छेदन होतं. वडिलांना हृदयविकाराचा जुना त्रास असेल तर नेहमीच्या डॉक्टरांना लगेच बोलवा आणि जुने कागद दाखवा. काउंटरवरून निघताना एकच गोष्ट पक्की करा, ती म्हणजे मृत्यूची नोंद हॉस्पिटल पाठवणार आहे की तुम्ही कळवायचं आहे. ‘हॉस्पिटलने केली असेल’ आणि ‘घरच्यांनी केली असेल’ या दोन समजुतींच्या मध्ये अशा नोंदी महिनोन्महिने राहून जातात.

शवविच्छेदनाचा अहवाल यायला वेळ लागतो, पण कारण निश्चित होईपर्यंत मृत्यूची नोंद थांबवून ठेवण्याची गरज नसते. दाखल्यावर कारण येतच नाही.

घरी मृत्यू झाला असेल तर पोर्टलवर अर्ज कसा भरायचा?

केंद्र सरकारच्या नागरी नोंदणी प्रणालीचं पोर्टल `dc.crsorgi.gov.in` या पत्त्यावर आहे. तिथे सर्वसामान्य नागरिक म्हणून मोबाइल क्रमांकाने खाते उघडा. मृत्यूची माहिती भरताना राज्य, जिल्हा, तालुका आणि नोंदणी केंद्र निवडावं लागतं. इथे मृत्यूच्या ठिकाणचं केंद्र निवडा, तुम्ही राहता तिथलं नव्हे. चुकीचं केंद्र निवडलं तर अर्ज भलत्याच निबंधकाकडे जाऊन पडतो.

मयताचं आणि तुमचं ओळखपत्र, डॉक्टरांचं फॉर्म ४अ आणि स्मशानभूमीची पावती स्कॅन करून हाताशी ठेवा. स्मशानभूमीच्या व्यवस्थापकालाही तिथे झालेल्या अंत्यविधीची खबर निबंधकाला द्यायची असते, त्यामुळे पावतीवरचं नाव आणि तुमच्या अर्जातलं नाव एकसारखं असेल तर पडताळणी लवकर होते. अर्ज पाठवल्यावर निबंधक मूळ कागद पाहायला बोलावू शकतात. गावात हे काम ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे असतं, शहरात महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे.

आधीच नोंद झालेली असेल आणि फक्त जादा प्रत हवी असेल, तर पुन्हा नोंदणीच्या वाटेने जाऊ नका. ग्रामपंचायतीच्या नोंदीचा मृत्यू दाखला राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवरूनही मागता येतो. शहरात नोंदणी क्रमांक किंवा मृत्यूची तारीख सांगून निबंधक कार्यालयातून प्रत मिळते.

दाखल्यावर ‘सुमन’ असावं की ‘सुमनबाई’?

आधार, बँक पासबुक आणि पेन्शनच्या कागदांवर जे नाव आहे ते घ्या. बहुतेक दावे तिथेच करायचे असतात आणि तिथे नाव अक्षरशः जुळवून पाहतात. आपल्या उदाहरणात ‘सुमन’ घालावं. सातबाऱ्यावरचं ‘सुमनबाई’ हे त्याच बाईचं नाव आहे, हे वारसनोंदीच्या वेळी प्रतिज्ञापत्राने दाखवता येतं आणि तलाठ्यांकडे असे अर्ज नेहमीचेच असतात. उलट केलं, म्हणजे दाखल्यावर ‘सुमनबाई’ घेतलं, तर बँक, विमा आणि पेन्शन अशा प्रत्येक दारी वेगळा खुलासा द्यावा लागतो.

मधलं नाव पतीचं की वडिलांचं, हाही प्रश्न येतो. ओळखपत्रावर जसं पूर्ण नाव आहे तसंच ठेवा. वडिलांचं आणि पतीचं नाव यांना स्वतंत्र जागा आहेत, त्यामुळे माहेरचं नाव पूर्ण नावात कोंबण्याची गरज नाही. इंग्रजी स्पेलिंगही ओळखपत्राप्रमाणेच घाला.

दाखल्यात चूक निघाली. आता काय?

निघालेल्या दाखल्यावर खाडाखोड होत नाही आणि जुनी नोंद पुसून नवी होत नाही. कलम १५ प्रमाणे निबंधक मूळ नोंदीला हात न लावता तिच्या समासात दुरुस्ती लिहितात आणि मग दुरुस्त दाखला देतात. चूक कोणत्या प्रकारची आहे यावर पुढचं काम अवलंबून असतं.

लेखनातली चूक असेल, जसं ‘सुमन’चं ‘सुनम’ झालं, तर निबंधकांची खात्री पटली की ते दुरुस्त करतात. यासाठी आधी हॉस्पिटलकडे जा. फॉर्म २ वर नाव बरोबर असेल आणि पोर्टलवर भरताना चुकलं असेल, तर हॉस्पिटलच्या लेटरहेडवर तसं पत्र घ्या. त्यात आयपीडी नंबर, मृत्यूची तारीख, चुकीचं नाव, बरोबर नाव आणि सही-शिक्का असावा. आधारची प्रत जोडून निबंधकाकडे अर्ज द्या. चूक हॉस्पिटलच्या कागदातच असेल, तर आधी तो कागद दुरुस्त करून घ्यावा लागतो, कारण निबंधक त्याच कागदाशी ताडून पाहतात.

मजकुराचीच चूक असेल, उदाहरणार्थ पतीच्या नावाच्या जागी दुसऱ्याच माणसाचं नाव पडलं, तर अर्जदाराचं निवेदन लागतं. त्यात चूक काय आणि खरी वस्तुस्थिती काय ते लिहायचं असतं, आणि प्रकरणाची माहिती असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींनी त्याला दुजोरा द्यायचा असतो. आईला ओळखणारे नात्यातले ज्येष्ठ किंवा शेजारी चालतात.

निबंधकांनी काम नाकारलं तर लेखी कारण मागा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर निबंधकाच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा निबंधकाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. तोंडी नकारावर अपील करणं अवघड जातं, म्हणून अर्जाची पोच असणं फार गरजेचं आहे.

२१ दिवस उलटून गेले तर?

मृत्यूच्या तारखेपासून २१ दिवसांत माहिती दिली तर विलंब शुल्क लागत नाही. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क भरून निबंधकच नोंद करतात. ३० दिवसांनंतर एका वर्षापर्यंत जिल्हा निबंधकांची किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. पूर्वी यासाठी शपथपत्र लागायचं, आता दुरुस्त कायद्यात स्वयंसाक्षांकित कागदपत्र पुरतं असं आहे. शुल्क किरकोळ असतं, वेळ जातो तो परवानगीत.

वर्ष उलटलं की काम खरंच जड होतं. जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो, तोही मृत्यू जिथे झाला त्या हद्दीतला. वडील वीस वर्षांपूर्वी गेले आणि आता जमिनीसाठी दाखला हवा, अशी प्रकरणं इथे येतात. आधी निबंधकाकडून त्या वर्षाची नोंदवही तपासून घ्या. नोंद असली तर आदेशाची गरजच पडत नाही. नसली तर नोंद आढळत नसल्याचं प्रमाणपत्र मिळतं, ते अर्जाला जोडायचं. सोबत मृत्यू खरंच त्या तारखेला, त्या ठिकाणी झाला हे दाखवणारे त्या काळातले कागद लावावे लागतात. हॉस्पिटलचा जुना केसपेपर, स्मशानभूमीची पावती, पेन्शन बंद झाल्याचा कागद यांना वजन असतं. आज लिहून घेतलेल्या नुसत्या जबाबांवर भागत नाही.

दाखला मिळाला, पण खरा आहे का, हे कसं ओळखायचं?

पोर्टलवरून निघालेल्या दाखल्यावर क्यूआर कोड असतो. तो मोबाइलने स्कॅन करा आणि उघडलेल्या पानाच्या पत्त्यात `https://` नंतरचा, पुढच्या `/` आधीचा भाग `crsorgi.gov.in` या नावाने संपतो का ते पाहा. मिळत्याजुळत्या नावाच्या बनावट साइट आहेत. तिथला दाखला हुबेहूब दिसतो, त्याचा कोडही स्कॅन होतो, पण उघडतं ते त्यांचंच खोटं पान. पत्त्याच्या या भागाच्या शेवटी `gov.in` नसेल तर तो दाखला कुठेही देऊ नका. एजंटामार्फत ‘एका दिवसात’ काढलेले दाखले याच जातीचे असू शकतात, आणि ते बँकेत सादर केले तर उत्तर देण्याची वेळ सादर करणाऱ्यावर येते.

खात्री झाली की पीडीएफ सगळ्या भावंडांना पाठवून ठेवा आणि बँक, विमा, पेन्शन, सोसायटी यांच्यासाठी छापील प्रती काढा. शेतजमीन असेल तर वारसनोंदीचा अर्जही लगेच द्या, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची असते.